७८६ राहून गेलं

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात माझ्या नावाचे किती शेख असतील, देव जाणे. त्यातल्या एकाची कागदपत्रं जून महिन्यात माझ्या ईमेलवर आली. पाठवणारं होतं एका तालुक्याच्या गावातलं ऑनलाइन फॉर्म भरण्याचं सेंटर. विषयाच्या जागी काहीच नाही, खाली आधार कार्ड, मार्कशीट, उत्पन्नाचा दाखला. पहिलं उघडलं, फोटो कोण्या पोराचा. तिथंच थांबलो.

चूक कशी झाली असेल ते लगेच लक्षात आलं. आपल्याकडची पोरं ईमेलचा पत्ता बनवताना नावापुढे ७८६ लावतात. ते टाईप करायचं राहिलं की ईमेल माझ्या दारात. नावात टिंब घातलं म्हणून पत्ता वेगळा होतो, असंही काहींना वाटतं. जीमेल टिंब मोजतच नाही.

गुपचूप डिलीट करून मोकळं होता आलं असतं. पण तो पोरगा कागदांची वाट पाहत असणार, आणि सेंटरवाला म्हणणार, "मी तर पाठवले." त्या पोराला फोन करणं मला पटलं नाही. अनोळखी माणूस "तुझं आधार माझ्याकडे आहे" म्हणाला तर कोणीही घाबरेल. म्हणून पाठवणाऱ्यालाच लिहिलं. सलाम लिहू की नमस्कार, यावर जरा अडलो. पलीकडे कोण बसलंय माहीत नाही, नमस्कार लिहिलं.

"नमस्कार. आज सकाळी तीन कागदपत्रांसह आलेला तुमचा ईमेल चुकून माझ्याकडे आला आहे. नाव सारखं आहे, पण तो मी नाही. एक फाईल उघडली गेली, तेव्हाच चूक कळली. ईमेल मी काढून टाकला आहे, ट्रॅशमधूनही. तुमच्या सेंट फोल्डरमध्ये कागदपत्रं असतील, ती योग्य पत्त्यावर पुन्हा पाठवावीत. माझा पत्ता तुमच्याकडून कृपया डिलीट करावा."

त्याचं काम अडू नये म्हणून सेंट फोल्डरचा उल्लेख केला. ट्रॅशचा यासाठी, की नुसतं डिलीट केलेलं तिथं ३० दिवस पडून राहतं. रिप्लाय केला, फॉरवर्ड नाही. फॉरवर्ड केलं की कागदं पुन्हा सोबत जातात.

दुपारी उत्तर आलं, "सॉरी सर, डिलीट केला." आणि चौथ्या दिवशी त्याच पोराची प्रवेशाची पावती माझ्याकडे.

त्यानं डिलीट केला होता तो पाठवलेला ईमेल. पत्ता तसाच राहिला होता. एकदा ज्याला ईमेल पाठवला त्याचा पत्ता जीमेल आपणहून जपून ठेवतं, आणि पुढच्या वेळी दोन अक्षरं टाईप केली की तोच पुढे करतं. माझीच विनंती अर्धवट होती. मग दुसऱ्यांदा नीट लिहिलं: "गूगल कॉन्टॅक्ट्स उघडा, त्यात 'Other contacts' म्हणून यादी आहे, तिथून माझा पत्ता काढा. त्या मुलाच्या पत्त्यात शेवटी आकडे आहेत का, तेही त्याला विचारून घ्या."

या वेळी उत्तर एका ओळीचं होतं. "हो सर, ७८६ राहिलं होतं."