मँडेलिक ॲसिड: बाटलीवरचा आकडा कसा वाचायचा?

काही वर्षांपूर्वी एक तरुणी मुरुमांनंतर राहिलेल्या काळ्या डागांसाठी माझ्याकडे आली. वर्ण सावळा आणि त्वचा नाजूक. साबण बदलला तरी तिचा चेहरा चुणचुणायचा. मी तिला 10 टक्के ग्लायकॉलिक ॲसिडचं क्रीम एक दिवसाआड रात्री लावायला सांगितलं. तीन आठवड्यांनी ती परत आली तेव्हा जुने डाग तसेच होते, शिवाय तोंडाच्या दोन्ही बाजूंना नवा काळसरपणा आला होता. "डॉक्टर, आग व्हायची, पण मला वाटलं औषध काम करतंय," ती म्हणाली. आग झाली तर थांबायचं, हे मी तिला सांगितलंच नव्हतं. चूक माझी होती.

सावळ्या त्वचेत रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी चटकन चिडतात. मुरुम असो, खरचटणं असो की क्रीममुळे झालेला दाह असो, त्या जास्त रंग तयार करून उत्तर देतात. म्हणजे डाग घालवण्यासाठी लावलेलं औषधच जास्त झालं, तर नवा डाग देऊन जातं. गोऱ्या त्वचेवर दाह लाल दिसतो आणि माणूस सावध होतो. आपल्या त्वचेवर ती लाली लपते आणि आधी काळसरपणाच दिसतो. म्हणून डोळ्यांपेक्षा स्पर्शावर आणि जाणिवेवर विश्वास ठेवा. पाच मिनिटांनंतरही टिकणारी आग, सकाळी ताणल्यासारखी त्वचा, साधं मॉइश्चरायझर लावतानाही होणारी चुणचुण, या थांबण्याच्या खुणा आहेत.

त्या अनुभवानंतर अशा रुग्णांसाठी मी मँडेलिक ॲसिडकडे वळलो. हे ॲसिड मुळात कडू बदामाच्या अर्कातून मिळालं. जर्मन भाषेत बदामाला 'मांडेल' म्हणतात, त्यावरून हे नाव पडलं. ग्लायकॉलिकप्रमाणेच हेही वरच्या मृत पेशींची पकड सैल करतं. फरक रेणूच्या आकारात आहे. ग्लायकॉलिकचा रेणूभार सुमारे 76, तर मँडेलिकचा 152, म्हणजे बरोबर दुप्पट. मोठा रेणू त्वचेत सावकाश शिरतो, त्यामुळे एकदम भडका उडण्याची शक्यता कमी होते. कमी होते, संपत नाही.

याच दुप्पट वजनामुळे बाटलीवरचा आकडा फसवतो. टक्केवारी वजनात मोजतात. रेणू दुप्पट जड असेल, तर तेवढ्याच वजनात रेणूंची संख्या निम्मी भरते. म्हणजे 10 टक्के मँडेलिकमध्ये साधारण तितकेच रेणू असतात, जितके 5 टक्के ग्लायकॉलिकमध्ये. तेव्हा "मैत्रिणीला 10 टक्के चाललं, मलाही चालेल" असं म्हणण्याआधी तिचं ॲसिड कोणतं, ते विचारा. लेबलवर पीएच दिला असेल तर तोही पाहा. साधारण 3.5 ते 4 दरम्यान ॲसिड काम करतं. 4.5च्या वर बाटलीत टक्केवारी कितीही असली तरी त्यातला बराचसा भाग निष्क्रिय रूपात असतो.

त्या तरुणीचं सगळं मी चार आठवडे बंद ठेवलं. फक्त सौम्य फेसवॉश, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. चुणचुण पूर्ण थांबल्यावर 5 टक्के मँडेलिक दिलं. आधी कानाजवळ जबड्याच्या कडेला तीन रात्री लावून पाहिलं, मग पूर्ण चेहऱ्यावर आठवड्यातून दोनदा, कोरड्या त्वचेवर दोन-तीन थेंब आणि वरून मॉइश्चरायझर. त्या रात्री रेटिनॉल किंवा दुसरं कुठलंही ॲसिड नाही. सहा आठवडे तक्रार आली नाही, तेव्हा 10 टक्क्यांवर नेलं, पण पुन्हा आठवड्यातून दोनदापासूनच सुरुवात केली. आकडा आणि वारंवारता एकाच वेळी वाढवली, तर बिघडलं कशामुळे ते कळत नाही. चौथ्या महिन्यात सपाट तपकिरी डाग बरेच फिके झाले होते. मुरुमांचे खड्डे मात्र तसेच राहिले. ते क्रीमने भरत नाहीत.

तुमची त्वचा नाजूक असेल तर 5 टक्क्यांपासून सुरू करा. सोसत असेल तर 10 टक्के घरच्या वापरासाठी पुरेसं आहे. 30-40 टक्क्यांची पील बाटली कुठे मिळाली तरी ती घरी वापरू नका. ते काम दवाखान्यात, घड्याळ समोर ठेवून करायचं असतं. आणि रोज सकाळी सनस्क्रीन लावायचा कंटाळा असेल, तर हे ॲसिड सुरूच करू नका. रात्री कमावलेलं दुपारचं ऊन परत घेऊन जातं.

ती अजूनही वर्षातून एकदा येते. आता आग होते का, हा प्रश्न मी सगळ्यात आधी विचारतो.