वजा झालेले चार हजार कुठे असतात?

तुळजापुरात नवरात्राच्या गर्दीत एटीएमसमोर उभ्या असलेल्या माणसाचा एक प्रसंग कल्पनेत घेऊ. कार्ड एका बँकेचं, मशीन दुसऱ्या बँकेचं. पिन टाकला, चार हजारांचा आकडा दाबला, आतून नोटा मोजल्याची खरखर ऐकू आली आणि मग स्क्रीन अडकली. पैसे आले नाहीत, पण मोबाइलवर चार हजार वजा झाल्याचा मेसेज मात्र लगेच आला. बँकेनं पैसे गिळले, असं त्याला वाटणं स्वाभाविक आहे. तरी माझं म्हणणं असं की त्या क्षणी ते चार हजार बहुतेक वेळा मशीनमध्येच असतात. पुढचा सगळा घोळ असतो तो ही गोष्ट कार्ड देणाऱ्या बँकेपर्यंत पोहोचण्याचा.

आकडा दाबल्यावर मागणी आधी मशीनवाल्या बँकेच्या यंत्रणेकडे जाते, तिथून एनपीसीआयच्या राष्ट्रीय जाळ्यातून कार्डाच्या बँकेकडे. ती बँक शिल्लक पाहते, रक्कम खात्यातून वजा करते आणि मगच ‘द्या’ असा निरोप परत पाठवते. त्यानंतर मशीनचे रोलर पेटीतून एकेक नोट ओढतात. दोन नोटा चिकटून आल्या किंवा एखादी दुमडलेली असली, तर ती बाजूच्या नाकारलेल्या नोटांच्या डब्यात जाते. गड्डी नीट जमली तरच झडप उघडते. इथे काही बिघडलं तर मशीननं ‘पैसे दिले नाहीत, नोंद उलटवा’ असा निरोप पाठवायचा असतो. तो पोहोचला तर पैसे काही मिनिटांत परत जमा होतात. पण लाइन तुटली किंवा वीज गेली, तर कार्डाच्या बँकेला फक्त आपली वजावट दिसते, पुढचं काहीच दिसत नाही.

मग आधी नोटा देऊन नंतर वजा का करत नाहीत, असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. पण ग्राहकाच्या हातात गेलेली नोट यंत्राला परत मागता येत नाही, खात्यातली नोंद मात्र उलटवता येते. शिवाय त्याच शिल्लकेवर त्याच मिनिटाला दुसरीकडे यूपीआयनं खर्च होऊ शकतो. म्हणून क्रम बदलावा असं मला वाटत नाही. पण या क्रमात जोखीम ग्राहकाच्या खात्यावर येते, तेव्हा ती निस्तरण्याची जबाबदारी पूर्णपणे बँकांचीच असली पाहिजे.

रिझर्व्ह बँकेनंही हेच मानलं आहे. २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, खात्यातून वजा होऊनही नोटा न मिळाल्यास बँकेनं व्यवहाराच्या दिवसानंतर जास्तीत जास्त पाच दिवसांत रक्कम स्वतःहून जमा करायची आहे. हे दिवस कॅलेंडरचे, म्हणजे रविवार आणि सुट्ट्याही त्यात धरल्या जातात. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही ग्राहकानं न मागता. आपल्या उदाहरणात व्यवहार ३ तारखेचा धरला, तर मुदत ८ तारखेला संपते. पैसे १२ तारखेला आले, तर चार हजारांवर आणखी ४०० रुपये यायला हवेत. खेड्यातल्या बँकमित्राकडच्या मायक्रो एटीएमवर अंगठा लावून काढायच्या पैशांनाही हीच मुदत आणि हीच भरपाई लागू आहे. हे लोहारा-परंड्याच्या गावांत फारसं माहीत नसतं.

सगळं संगणकावर असताना पाच दिवस कशाला, हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. निरोप हरवला की मशीनची नोंदवही आणि जाळ्याचा हिशेब जुळवावा लागतो, पेटीतली रोकड माणसानं मोजावी लागते. चार हजार जादा निघाले, की वाद मिटला. पण ‘आमच्या नोंदीत व्यवहार यशस्वी आहे’ असं उत्तर आलं, तर तिथे थांबू नये. नोटा झडपेपर्यंत आल्या की उचलल्याही गेल्या, हे मशीनच्या नोंदवहीत वेगवेगळं दिसू शकतं. त्या दिवसाचा रोकड ताळेबंद आणि कॅमेऱ्याचं चित्रणही मागावं. चित्रण कायम ठेवलं जात नाही, म्हणून मागणी लवकर आणि लेखी हवी. एक मर्यादा मात्र आहे. आपण वैतागून निघून गेल्यावर नोटा बाहेर आल्या आणि दुसऱ्यानं उचलल्या, तर हा नियम हाताशी येणं अवघड. त्यामुळे स्क्रीन मूळ जागी येईपर्यंत मशीनसमोरून हलू नये.

बँकेनं स्वतःहून पैसे द्यायचे असतील तर तक्रार कशाला, असंही म्हणतात. मी तरी त्याच दिवशी तक्रार करा असंच सांगेन, कारण हिशेब जुळवताना सुटलेली नोंद तक्रारीमुळेच पुन्हा उघडते. तक्रार मशीनवाल्या नव्हे, आपल्या कार्डाच्या बँकेकडे करायची. पावती नसली तरी मेसेजमधली वेळ, रक्कम, ठिकाण आणि मशीनवर लावलेला क्रमांक पुरतो. तक्रार क्रमांक घ्यायचाच. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर विनाशुल्क दाद मागता येते, आणि तिथे राहिलेली भरपाईही मागायची.