उत्तर १५० न्यूटन

९ डिसेंबर, राळेगाव

अकरावीसाठी गतीच्या नियमांवरच्या गणितांची उत्तरसूची करायला घेतली. नुसतं उत्तर दिलं तर मुलाला आपलं चुकलं एवढंच कळतं, कुठे चुकलं ते कळत नाही. म्हणून प्रत्येक पायरीशेजारी तिथे पाय कसा घसरतो तेही लिहितोय. गणितं इथल्या जिनिंगमधली घेतली, कारण १७० किलोची रुईची गाठ वर्गातल्या प्रत्येकाने पाहिलेली आहे.

पहिलं गणित: जमिनीवरची गाठ ६०० न्यूटन बलाने आडवी ओढली. घर्षण गुणांक ०.४, गुरुत्व त्वरण १० धरा. गाठीचं त्वरण किती?

वजन १७०० न्यूटन, त्याच्या ०.४ पट ६८०. इथपर्यंत सगळे बरोबर येतात. मग बहुतेक जण ६०० मधून ६८० वजा करतात, १७० ने भागतात आणि उणे ०.४७ लिहून मोकळे होतात. वर्गात विचारलं, "मग गाठ कुठं चालली?" एक मुलगी म्हणाली, "मांगं चालली, सर," आणि तिलाच ते पटेना. तिने उणे चिन्ह खोडलं. बाकी सगळं तसंच ठेवलं.

सूचीत लिहिलं: चिन्ह खोडू नका, घर्षण पुन्हा तपासा. ६८० ही घर्षणाची कमाल मर्यादा आहे. वस्तू हलत नाही तोवर घर्षण ओढीइतकंच असतं, म्हणजे इथे ६००. त्वरण शून्य. ओढ मर्यादेपेक्षा जास्त आहे का, हे वजाबाकीच्या आधी बघायचं. (स्थिर आणि गतिज घर्षणाचा गुणांक इथे एकच धरलाय. प्रत्यक्षात गतिज बहुधा थोडा कमी असतो.)

११ डिसेंबर

दुसरं गणित मला सगळ्यात आवडतं. त्याच गाठीमागे ३० किलोची लाकडी पेटी दोराने बांधली. पेटीचाही घर्षण गुणांक ०.४. पुढून १००० न्यूटनने ओढलं. मधल्या दोरातला ताण किती?

आधी दोन्ही मिळून: वस्तुमान २००, घर्षण ८००, उरलं बल २००, त्वरण १. मग एकट्या पेटीकडे बघायचं. तिला पुढे ओढतो फक्त दोर, मागे धरतं १२० न्यूटन घर्षण. ताण वजा १२० बरोबर ३० गुणिले १. ताण १५०. पडताळा गाठीवरून: १००० वजा १५० वजा ६८० बरोबर १७०, म्हणजे त्वरण १. जुळलं.

चुकीची उत्तरं वाचली की मुलाच्या डोक्यात काय चाललं होतं ते दिसतं. १००० लिहिणाऱ्याला वाटतं, पुढची ओढ गाठीतून जशीच्या तशी मागे पोचते. गाठीचं घर्षण आणि गाठीला वेग द्यायला लागणारं बल त्याने सोडून दिलं. ५०० वाला दोन वस्तू म्हणून दोन वाटे करतो. १२० वाल्याला घर्षण फिटलं की काम झालंसं वाटतं, मग पेटीचा वेग वाढवायला बल उरतच नाही. ३० वाला घर्षण विसरला, पण फक्त पेटीपुरतं.

१९९२ साली हेस्टेनिस, वेल्स आणि स्वॅकहॅमर यांनी अमेरिकेत बलाच्या कल्पनांवर एक चाचणी तयार केली. तिच्यातले चुकीचे पर्याय मुलांच्या नेहमीच्या समजुतींमधूनच घेतले होते. चुकीचं उत्तर इतकं बोलकं असतं.

१४ डिसेंबर

बरोबर उत्तरही फसवतं. या गणितात घर्षण मुळातच धरलं नाही तर त्वरण १००० भागिले २००, म्हणजे ५. पेटीचा ताण ३० गुणिले ५, पुन्हा १५०! आज वहीत एकाने नेमकं हेच केलं होतं, आणि सूचीशी ताडून स्वतःला बरोबरची खूणही दिली होती.

हा चमत्कार नव्हे. दोन्हींचा गुणांक सारखा असला की घर्षण वस्तुमानाच्या प्रमाणात वाटलं जातं, आणि ताण नेहमी एकूण ओढीचा ३० छेद २०० हिस्सा राहतो. गणित मुद्दाम तसंच ठेवलं आणि खाली उपप्रश्न जोडला: पेटीला चाकं लावली, तिचं घर्षण आता फक्त ६० न्यूटन. आता ताण किती?

एकूण घर्षण ७४०, उरलं २६०, त्वरण १.३. ताण ६० अधिक ३९, म्हणजे ९९. घर्षण विसरणारा इथेही १५० वरच राहतो आणि लगेच सापडतो.

मुलं विचारतात, पुढची ओढ तीच, गाठ तीच, मग ताण कमी कसा? पेटीला आता कमी ओढावं लागतं म्हणून. दोराला पुढच्या १००० न्यूटनशी थेट देणंघेणं नाही; तो पेटीला हव्या त्या त्वरणाने नेण्यापुरताच ताणला जातो.

१६ डिसेंबर

वह्या तपासणाऱ्या सहकाऱ्यासाठी सूचीच्या तळाशी लिहिलं: दुसऱ्या गणिताला तीन गुण. पेटीची वेगळी आकृती, तिच्यावर दोर, घर्षण, वजन आणि जमिनीची प्रतिक्रिया असे चार बाण, याला एक गुण. पेटीचं समीकरण, एक. उत्तर, एक. आकृतीत पेटीवर १००० न्यूटनचा बाण दिसला तर पहिला गुण द्यायचा नाही, खाली १५० लिहिलं असलं तरी.