सिफारिशीतला एक शब्द

परवा माझी एक जुनी विद्यार्थिनी घाटकोपरहून भेटायला आली. अंधेरीच्या एका ऑफिसात बसून ती फ्रान्समधल्या ग्राहकांच्या ईमेलना उत्तरं द्यायची. आता दुसरी नोकरी मिळत होती. जुना मॅनेजर फ्रेंच. त्याने आपणहून नव्या कंपनीला तिच्यासाठी फ्रेंचमध्ये ईमेल लिहिला आणि तिथेच घोळ झाला.

नव्या ऑफिसात फ्रेंच जाणणारं कुणी नव्हतं. कुणीतरी इंग्रजीच्या अंदाजाने ईमेल वाचला. त्यात वाक्य होतं, ती ‘लिब्र द तूतांगाजमां’ होऊन कंपनी सोडते आहे. ‘एन्गेजमेंट नाही’ म्हणजे कामात मन नाही, असा अर्थ लावून तिला फोन आला. पोरगी रडकुंडीला आली होती. तिला अर्थ माहीत होता, पण समजावून सांगायचं कसं ते सुचत नव्हतं. म्हणून, "सर, मराठीत नीट मांडून द्या ना," म्हणाली.

तिथे ‘आंगाजमां’ म्हणजे बांधिलकी, करार. नोकरी सोडणारा जुन्या मालकाशी कुठल्याही कराराने बांधलेला नाही, उद्यापासून रुजू होऊ शकतो, एवढंच ते वाक्य सांगतं. ते मूळचं नोकरीच्या दाखल्यातलं. फ्रान्समध्ये नोकरी सुटताना मालकाला दाखला द्यावाच लागतो. त्यात कधीपासून कधीपर्यंत आणि कोणतं काम केलं हे असतं, कौतुक नसतं. सिफारिशीचं पत्र मात्र मालकाच्या मर्जीवर. या मॅनेजरने दाखल्यातलं वाक्य सवयीने सिफारिशीत टाकलं होतं.

असाच दुसरा शब्द ‘कोलाबोरात्रिस’. हे काही मोठं पद नाही. हाताखाली काम करणाऱ्या बाईलाही तिथे अदबीने असंच म्हणतात. आणि तिने रोज चाळीसेक तक्रारींचं काम ‘आस्युरे’ केलं, म्हणजे हमी दिली नव्हे, काम पार पाडलं.

मग ती खरी सिफारिश होती का? मी तिला विचारलं, तो काय काय सांगतो? पत्रात नुसत्या तारखा आणि पदाचं नाव असतं, तर मलाही शंका आली असती. इथे मात्र सणाच्या गर्दीत नवख्या सहकाऱ्यांना तिने शिकवलं, हे त्याने लिहिलं होतं. शेवटी ‘सां रेझर्व्ह’ तिची शिफारस करतो, म्हणजे हातचं काही न राखता. त्याखाली, आणखी काही विचारायचं असल्यास मी हजर आहे.

आम्ही मराठीत पाच ओळी केल्या. त्या वाक्याचं मी ‘तिच्यावर आमचं कोणतंही बंधन उरलेलं नाही’ असं केलं. ‘मोकळी’ लिहिलं असतं तर पुन्हा कुणी भलतंच वाचलं असतं. इंग्रजी तिने स्वतः केलं आणि मॅनेजरलाही तीन ओळींत कळवलं. त्याने नव्या कंपनीला इंग्रजीत पुन्हा लिहिलं. ती सोमवारी रुजू झाली.