मीठ, ऊन आणि लिंबू : वर्षभर टिकतं ते नेमकं कशामुळं



आमच्या श्रीगोंदा, कर्जत पट्ट्यातल्या लिंबूवाल्यांना हे चक्र पाठ आहे. मार्च ते मे लिंबाला भाव असतो तेव्हा झाडावर माल कमी. जुलै ते सप्टेंबर झाडं लगडलेली असतात तेव्हा भाव पडलेला. पावसाळ्यात तोडणीची मजुरी तरी निघेल का, असा प्रश्न पडतो. अशा वेळी घरोघरी बरण्या भरल्या जातात. त्याच घरात मे महिन्यात कुरडया, पापड, बाजरीच्या खारोड्या पत्र्यावर वाळत घातलेल्या असतात. दोन्ही कामं वेगळी दिसतात, पण आतलं गणित एकच आहे. ते गणित नीट कळलं की कुठं मीठ कमी करता येतं आणि कुठं अजिबात करायचं नाही, हेही कळतं. घरात बीपीचं माणूस असेल तर हा प्रश्न येतोच, म्हणून आज सविस्तर लिहितो.

अन्न नासतं म्हणजे त्यात जिवाणू, बुरशी, यीस्ट वाढतात. त्यांना वाढायला पाणी लागतं, आपल्या पिकासारखंच. आता प्रवरा, मुळा कालव्याखालची खारवट झालेली जमीन डोळ्यांसमोर आणा. भंडारदरा धरण १९२६ सालचं, त्या भागात पाट पाणी जुनंच आहे. जिथं निचरा नाही आणि पाणी भरमसाठ दिलं, तिथं क्षार वर आले. अशा रानात माती ओली असते, मुठीत धरली तर गोळा होतो, तरी ऊस माना टाकतो. पाणी आहे पण मुळाला ओढता येत नाही, कारण क्षारांनी ते धरून ठेवलंय. फार क्षार असले तर मुळातलंच पाणी उलटं बाहेर निघतं.

लोणच्याच्या बरणीत हेच होतं, फक्त उसाच्या जागी जिवाणू असतो. बरणी रसानं भरलेली दिसते, पण ते पाणी मिठानं बांधलेलं असतं. जिवाणूच्या अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि तो आखडून पडतो. इथं एक लक्षात ठेवा, मीठ सगळ्यांना मारत नाही. बरेच जण नुसते थांबलेले असतात. पाणी परत मिळालं की उठतात.

उन्हानं वाळवण्यात पाणी बांधायच्या ऐवजी सरळ काढूनच टाकतो. आपला जिल्हा पर्जन्यछायेतला, मे महिन्यात दुपारची हवा कोरडी ठक्क असते, म्हणून वाळवण उन्हाळ्यात. पावसाळ्यात लिंबू येतं तेव्हा ऊन नसतं, म्हणून तिथं मीठ. जुन्या बायांनी हे ऋतूप्रमाणं बसवलेलं आहे.

आता लिंबाचं प्रत्यक्ष माप घेऊ. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं साई शरबती घ्या नाहीतर साधं कागदी घ्या, पिवळं झालेलं पातळ सालीचं फळ लोणच्याला चांगलं. धुवायचं, फडक्यानं कोरडं पुसायचं, तासभर पंख्याखाली ठेवायचं. मग आठ फोडी करून, बिया काढून वजन करायचं. १ किलो फोडींना २०० ग्रॅम मीठ आणि थोडी हळद. बरणीत भरून रोज एकदा कोरड्या चमच्यानं खालवर करायचं. तीन-चार दिवसांत एवढा रस सुटतो की फोडी त्यात बुडतात. हे पाणी आपण घातलेलं नसतं, मिठानं फोडीतून ओढून काढलेलं असतं. साधारण तीन आठवड्यांनी साल मऊ पडते, रंग तपकिरीकडं जातो आणि आतला पांढरा भाग काचेसारखा दिसायला लागतो. म्हणजे मीठ फोडीच्या गाभ्यापर्यंत पोचलं. तिखट-मसाला त्यानंतर घातला तरी चालतो.

२०० ग्रॅमच का? १ किलो लिंबात साधारण ८५० ग्रॅम पाणी असतं. त्यात २०० ग्रॅम मीठ म्हणजे १०० ग्रॅम पाण्याला २३ ते २४ ग्रॅम मीठ झालं. १०० ग्रॅम पाण्यात जास्तीत जास्त ३६ ग्रॅम मीठ विरघळतं, त्याच्या वर खाली साचतं. म्हणजे आपण दोन तृतीयांशापर्यंत गेलो. एवढ्या खाऱ्या पाण्यात नासवणारे बहुतेक जिवाणू वाढत नाहीत.

लिंबाला दुसरा पहारेकरी आहे, तो म्हणजे आंबटपणा. माती परीक्षणाच्या कागदावर आपण सामू बघतो, तसा लिंबाच्या रसाचा सामू २ ते अडीचच्या आसपास असतो. ४.६ च्या खाली सामू असला की बोट्युलिनम नावाचा सगळ्यात घातक जिवाणू वाढत नाही आणि विष तयार करत नाही. म्हणून लिंबू आणि कैरी ही लोणच्याला सुरक्षित फळं आहेत.

मग आंबटपणा असताना मीठ निम्मं केलं तर? आमच्या घरात वडिलांचा बीपीचा त्रास आहे, त्यामुळं हा विषय दरवर्षी निघतो. १०० ग्रॅम मीठ घातलं तर जिवाणू आंबटामुळं थांबतील, पण बुरशी आणि यीस्ट आंबटाला फारसं जुमानत नाहीत. त्यांना मीठच थांबवतं, आणि ते निम्म्यावर आलेलं असतं. मग महिन्या-दोन महिन्यांत वर पांढरी साय येते, नाहीतर बुडबुडे येऊन झाकण फुगतं. म्हणून आमच्याकडं दोन बरण्या होतात. मोठी बरणी पूर्ण मिठाची, ती फळीवर. लहान बरणी निम्म्या मिठाची, ती फ्रिजमध्ये, आणि थोडी थोडी करून लवकर संपवायची. तिथं मिठाचं अर्धं काम थंडी करते.

पूर्ण मिठाच्या लोणच्याचा हिशोबही सांगतो. १० ग्रॅमच्या फोडीत दीड ग्रॅमच्या वर मीठ जातं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, भाजी-भाकरीतलं धरून. तेव्हा बीपीवाल्यानं बरणीतलं मीठ कमी करून ती बाहेर ठेवण्यापेक्षा ताटातली फोड लहान करावी, आणि किती चालेल ते आपल्या डॉक्टरला विचारावं.

आता बरणी बिघडते कुठं? बहुतेक वेळा वरच्या थरात. ओला चमचा घालू नका असं आजी सांगायची, त्याचं कारण नुसती स्वच्छता नाही. चमच्याला लागलेलं पाणी वरच्या थरात पसरतं, तेवढ्या जागी मीठ पातळ होतं आणि थांबलेली बुरशी उठते. गरम लोणचं भरून झाकण लावलं तरी तेच, वाफेचं पाणी झाकणावरून खाली टपकतं. फोडी रसाच्या वर उघड्या राहिल्या तर तिथं हवा मिळते. तेलाचं काम एवढंच की हवा अडवायची. तेल जिवाणू मारत नाही.

ही तेलाची गोष्ट नीट ध्यानात घ्या, कारण यात जीव जाऊ शकतो. लसूण आणि हिरवी मिरची आंबट नसतात. त्यांचा ठेचा कमी मिठात करून वर तेल ओतून महिनाभर बाहेर ठेवला, तर तेलाखाली हवा नाही, आंबट नाही, मीठ कमी, म्हणजे बोट्युलिनमला पाहिजे तसं घर मिळालं. त्याच्या विषाला वास येईलच असं नाही, चवही बदलेल असं नाही. असा ठेचा फ्रिजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवावा, आणि जास्त टिकवायचा असेल तर लिंबाचा रस आणि मीठ दोन्ही भरपूर पाहिजे. संशय आला तर चाखून बघायचं नाही, टाकून द्यायचं.

पांढरं दिसलं की घाबरायचंही नाही. बरणीच्या कडेला खरखरीत पांढरे खडे असतील आणि पाण्याच्या थेंबात विरघळत असतील तर ते मीठ आहे. कापसासारखे तंतू, हिरवट किंवा काळे ठिपके, कुबट वास असेल तर ती बुरशी. वरचं काढून खालचं खाऊ नये, तिची मुळं खोल गेलेली असतात.

वाळवणात फसगत वेगळी होते. खारोडी मोठी घातली आणि पहिल्याच दिवशी कडक ऊन लागलं तर वरचा पापुद्रा टणक होतो आणि आतलं पाणी कोंडतं. हाताला कडक लागते, डब्यात भरली की पंधरा दिवसांत आतून बुरशी. म्हणून खारोडी लहान घालावी, दुसऱ्या दिवशी उलटावी. झाली का हे बघायला दोन युक्त्या आहेत. एक, सुपातल्या खारोड्या संध्याकाळी वजन करा, दुसऱ्या दिवशी ऊन देऊन परत करा. वजन तेवढंच राहिलं तर वाळल्या. दुसरी, मूठभर खारोड्या काचेच्या बाटलीत घट्ट झाकून दोन-तीन तास उन्हात ठेवा. आतून काचेला दव धरलं तर पाणी बाकी आहे.

वाळलेला जिन्नस हवेतलं पाणी परत ओढतो. मिठाचंच बघा ना, हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मिठाला पाणी सुटतं. खारोडीत मीठ असतंच, म्हणून मृग लागायच्या आधी डबे घट्ट बंद पाहिजेत. मोठा डबा सारखा उघडण्यापेक्षा चार लहान डबे भरावेत.

गाई पाळणाऱ्यांनी यातला आंबटाचा भाग मुरघासात बघितलाच आहे. मक्याची कुट्टी दाबून हवा काढली की त्यातलेच चांगले जिवाणू आंबट तयार करतात, सामू ४ च्या आसपास येतो आणि चारा वर्षभर टिकतो. पिशवीला जिथं उंदरानं भोक पाडलं, तिथंच बुरशी दिसते. म्हणजे तो गुरांचं लोणचंच, फक्त तिथं मिठाची जागा आंबटानं आणि हवा काढण्यानं घेतलेली आहे.

यंदा बरणी भरताना मीठ अंदाजानं मुठीनं न घालता फोडींचं वजन करून घाला. काट्यावर पाच मिनिटं जातात आणि बरणी पुढच्या पावसाळ्यापर्यंत जाते.