कोकणची गाडी आणि चौघींची गाणी

आम्ही चौघी शिवडीच्या. दोघी उर्दू शिकवतो, दोघी मराठी. दर मे महिन्यात हार्बरच्या लोकलने सीएसएमटीला जातो आणि सकाळी सातनंतर सुटणाऱ्या मांडवी एक्स्प्रेसने रत्नागिरी गाठतो. यंदाची सफर वेगळी होती. आमच्यातल्या थोरल्या आपा निवृत्त होऊन कायमच्या गावी राहायला चालल्या होत्या. येताना आम्ही तिघीच परतणार, हे चौघींनाही ठाऊक होते, पण त्यावर कुणी बोलत नव्हते.

पनवेलपर्यंत आम्ही गात नाही. माणसे चढत असतात, सामान लागत असते. पनवेल सुटले की शेजाऱ्यांना विचारून भेंड्या सुरू होतात आणि पहिला वाद ठरलेला असतो. मराठी शिकवणाऱ्या दोघी कानाने अक्षर धरतात. हिंदी गाण्याची ओळ ‘है’ने संपली, तर पुढच्या गटाला ‘ह’. आम्ही उर्दूवाल्या बैतबाजीत वाढलेल्या. तिथे लिहिलेले शेवटचे हर्फ धरतात. उर्दूत ‘है’च्या शेवटी बडी ये येते, म्हणून पुढचा शेर ‘य’चा. ‘नहीं’चेही तसेच. देवनागरीच्या हिशेबाने ‘ह’, उर्दूच्या हिशेबाने नून, म्हणजे ‘न’.

हा फरक लहान वाटतो, पण खेळ बदलतो. हिंदी गाण्यांच्या कितीतरी ओळी ‘है’ने संपतात. ‘ह’ला ‘हम’, ‘हर’, ‘हाय’ असे पुष्कळ शब्द मिळतात. ‘य’ला मात्र ‘ये’, ‘याद’, ‘यार’, ‘यूं’ एवढ्यावरच भागवावे लागते आणि ते लवकर संपतात. म्हणून आम्ही आधीच ठरवतो: रोह्यापर्यंत कानाचा कायदा, पुढे कलमाचा. मराठी गाणे ‘ळ’वर संपले तर ‘ल’ घ्यायचा, ‘ण’वर संपले तर ‘न’. एवढे ठरले की भांडण होत नाही.

भेंड्यांचा कंटाळा आला की सगळ्यांनी मिळून गायचे. इथे घोटाळा होतो तो सुराचा. मुखडा सोपा म्हणून कुणीतरी उंच पट्टीत सुरुवात करते आणि अंतऱ्यात सगळ्यांचा आवाज फाटतो. आपांची रीत अशी, की आधी अंतऱ्यातली सर्वांत उंच ओळ मनात गुणगुणायची. ती आरामात निघाली, तर त्याच पट्टीत मुखडा धरायचा. नाही तर दोन सूर खाली यायचे. लताबाईंची गाणी तर खालूनच धरावी लागतात.

प्रवासात कव्वालीसारखे दुसरे काही नाही. ‘बरसात की रात’ (1960) मधली साहिर लुधियानवी आणि रोशन यांची मोठी कव्वाली घ्या. सगळी कुणालाच पाठ नसते, पण दोघींना बंद येत असले की बाकीच्यांना टेक धरून टाळ्या वाजवायला जमते. शेजारचे प्रवासीही त्यात येतात. फक्त टाळीकडे लक्ष हवे. टाळी हळूहळू पळू लागते, मग शब्द तोंडात मावत नाहीत. तसे झाले की एकीने टाळी थांबवून नुसती टेक म्हणायची, लय पुन्हा जागेवर येते.

संगमेश्वरच्या आसपास जोहरची वेळ होते. कुणी सीटवर नमाजला बसले की गाणे आपोआप थांबते. पुढे उक्षी मागे पडली की करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा येतो. गाडीच्या घरघराटात शेजारणीचाही आवाज ऐकू येत नाही. चार-पाच मिनिटे सगळ्या गप्प.

यंदा बोगद्यातून बाहेर आल्यावर कुणीच पुन्हा सुरुवात केली नाही. आपा खिडकीकडे तोंड करून हलक्या आवाजात ‘पाकिजा’ (1972) मधले कैफी आझमींचे गाणे म्हणू लागल्या. गुलाम मोहम्मद यांनी चाल दिलेल्या त्या गाण्याच्या शेवटी आगगाडीची शिट्टी ऐकू येते. संगीतकार पडद्यावर ते पाहायला उरले नाहीत. 1968 मध्येच त्यांचे निधन झाले होते. असे गाणे चौघींनी मिळून गायचे नसते. एकीने म्हणायचे आणि बाकीच्यांनी बाहेर पाहायचे. आम्ही टेकसुद्धा धरली नाही. बाहेर लाल कातळ आणि आंब्याच्या बागा सरकत होत्या.

भोके स्टेशन गेल्यावर आपांनी डोळे पुसले, बुरखा सारखा केला आणि म्हणाल्या, “मागच्या गाण्याची ओळ ‘है’वर संपली होती. कलमाचा कायदा आहे. ‘य’ द्या!”

आम्हाला तिघींना एकही गाणे आठवले नाही. तो ‘य’ अजून आमच्याकडे बाकी आहे. सुट्टी लागली की रत्नागिरीला जाऊन फेडायचा आहे.