अंदाजाने औषधाचे नाव सांगणे ही मदत नव्हे

वस्तीतल्या एका तरुणाने रात्री आम्हाला मोबाईलवर एक फोटो पाठवला. "दादा, आईच्या संधिवाताची चिठ्ठी आहे. अक्षर लागत नाही. नावं तेवढी टाईप करून पाठवा, सकाळी मेडिकलमधून आणतो."

आम्ही एम.ए. झालेलो, लोकांना घेऊन दवाखान्यात जाणारे. त्यामुळे अशा चिठ्ठ्या आमच्याकडे येतातच. फोटोत दोन ओळी होत्या. दोन्हींची सुरुवात 'फॉल' अशी वाटत होती आणि पुढे नुसती वेटोळी. दोन्हींच्या शेवटी 5 दिसत होता, पण पहिल्या ओळीतल्या 5 च्या आधी कागदाची घडी पडली होती. त्यापुढचे ओडी होते की ओडब्ल्यू, म्हणजे रोज एकदा की आठवड्यातून एकदा, हेही कळत नव्हते.

आमचे बोट 'फॉल्व्हाईट 5, रोज एक' असे लिहायला सरसावले होते. हे नाव आम्हाला माहीत होते, कारण फॉलिक अ‍ॅसिडची ही गोळी वस्तीतल्या कितीतरी बायका घेतात. धोका इथेच आहे. अक्षर लागले नाही की डोळा ओळखीचे नाव वाचतो आणि आपल्याला वाटते की आपण चिठ्ठी वाचली.

पण एकाच नावाच्या दोन ओळी डॉक्टर कशाला लिहितील? या शंकेने आम्ही थांबलो. संधिवातात मेथोट्रेक्सेट नावाचे औषध देतात आणि फॉलिट्रॅक्स हा त्याचाच एक ब्रँड आहे. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. त्याचा त्रास कमी व्हावा म्हणून सोबत फॉलिक अ‍ॅसिड देतात. म्हणजे मिळतीजुळती नावे असलेल्या या दोन गोळ्या बहुधा एकाच चिठ्ठीवर येतात. मेथोट्रेक्सेट चुकून रोज घेतले गेले तर रक्तपेशी तयार करणारी अस्थिमज्जा दबते. तोंडात फोड येतात, ताप येतो, रक्तस्राव होतो. अशा चुकीने माणसे दगावलेली आहेत.

काही मित्र म्हणतील, मेडिकलवाला बघून घेईल की. आमचा मुद्दा नेमका इथे आहे. वेडेवाकडे अक्षर पाहून मेडिकलवाला निदान शंका तरी घेतो, डॉक्टरांना फोन लावतो. आम्ही स्वच्छ अक्षरात नाव टाईप करून दिले की ती शंकाच पुसली जाते. आमचा अंदाज त्याच्यापुढे पक्की माहिती म्हणून जातो.

म्हणून आम्ही त्याला एवढेच लिहिले: "दोन्ही नावं 'फॉल'ने सुरू होतात असं वाटतं, पुढचं लागत नाही. घडीखाली आकडा किंवा टिंब असू शकतं. 7.5 मधलं 7 आणि टिंब झाकलं तर नुसता 5 दिसतो. यातलं एखादं औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असू शकतं, म्हणून विचारल्याशिवाय रोज देऊ नकोस. आधीची औषधं आमच्या सांगण्यावरून बंद करू नकोस. चिठ्ठीच्या वरच्या बाजूला दवाखान्याचा नंबर असेल, तो फोटोत कापला गेलाय. सकाळी मूळ कागद घेऊन दवाखान्यात जा."

काय विचारायचे तेही सांगितले. औषधाचे मूळ नाव काय, किती मिलिग्रॅम, रोज की आठवड्यातून, आणि आठवड्यातून असेल तर कोणत्या वारी. उत्तर चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून घे आणि पाकिटावरचे नाव त्याच्याशी जुळवून बघ. चुकून गोळ्या रोज घेतल्या गेल्या असतील, तर त्रास सुरू होण्याची वाट न पाहता पाकीट घेऊन थेट रुग्णालयात जायचे.

सकाळी डॉक्टरांनी सांगितले: पहिली ओळ फॉलिट्रॅक्स 7.5, फक्त सोमवारी. दुसरी फॉल्व्हाईट 5. पहिली ओळ आम्ही रोजची म्हणून वाचली असती आणि मेडिकलमधून तीच गोळी मिळाली असती, तर मावशींच्या पोटात आठवड्याला 7.5 ऐवजी 52.5 मिलिग्रॅम गेले असते.

चिठ्ठी वाचता येणे हा रुग्णावरचा उपकार नाही. वैद्यकीय परिषदेच्या आचारसंहितेत 2016 च्या दुरुस्तीने स्पष्ट म्हटले आहे की डॉक्टरांनी औषधाचे मूळ नाव वाचता येईल असे, शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावे. आमची माणसे डॉक्टरांपुढे "परत लिहून द्या" म्हणायला कचरतात आणि कार्यकर्त्याकडे येतात. त्यांच्या वतीने अंदाज बांधणे सोपे असते. पण त्यांच्यासोबत जाऊन ती चिठ्ठी पुन्हा लिहून घेणे, हे आमचे काम आहे.